६६ की ८१? बाबांच्या एलडीएलचा हिशेब

बाबांची अँजिओप्लास्टी होऊन दोन वर्षं झाली. मधुमेह त्याच्याही आधीपासूनचा. कार्डिऑलॉजिस्ट मॅडमनी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या आत ठेवायला सांगितलं होतं, म्हणून एप्रिलच्या रिपोर्टमध्ये ६६ दिसल्यावर घरात सगळ्यांना हायसं वाटलं. कोथरूडहून रिक्षाने दवाखान्यात जाताना बाबा म्हणाले, "आता गोळी कमी करतील बघ."

मॅडमनी ६६ कडे पाहिलंच नाही. त्यांचं बोट वरच्या ओळीवर थांबलं: ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ३४०. "काका, हा एलडीएल मोजलेला नाही, हिशेबाने काढलेला आहे," त्या म्हणाल्या. खरंच, पद्धतीच्या रकान्यात बारीक अक्षरात 'कॅल्क्युलेटेड' छापलं होतं. इतकी वर्षं मी ते वाचलंच नव्हतं.

त्यांनी रिपोर्टच्या मागे सूत्र लिहून दिलं:

एलडीएल = टोटल कोलेस्टेरॉल − एचडीएल − (ट्रायग्लिसराइड ÷ ५)

बाबांचं टोटल १६८ आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३४. ३४० ला ५ ने भागून ६८. १६८ मधून ३४ आणि ६८ वजा केले की बरोबर ६६. हे फ्रीडवाल्ड यांचं सूत्र, १९७२ सालचं. तेव्हा एलडीएल नीट मोजायला अतिवेगाने फिरणारं सेंट्रिफ्यूज लागायचं, म्हणून फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिकसन यांनी वजाबाकीचा हा सोपा मार्ग काढला. उपाशीपोटीच्या रक्तात बहुतेक ट्रायग्लिसराइड व्हीएलडीएल नावाच्या कणांत असतं आणि त्या कणांत ट्रायग्लिसराइडच्या साधारण एक पंचमांश कोलेस्टेरॉल असतं, असं त्यात धरलेलं आहे.

बाबांच्या बाबतीत गोम त्या ५ मध्येच होती. साखर वाढलेली असली की यकृत व्हीएलडीएलच्या कणांत चरबी जास्त भरतं. मग कणात ट्रायग्लिसराइड पुष्कळ आणि त्या मानाने कोलेस्टेरॉल कमी. तरीही आपण ५ ने भागत राहिलो, तर व्हीएलडीएलच्या नावावर जास्त कोलेस्टेरॉल वजा होतं आणि एलडीएल खोटं कमी दिसतं.

मॅडमनी त्याच नमुन्यावर डायरेक्ट एलडीएल, म्हणजे थेट मोजणी, करून घ्यायला सांगितलं. मी लगेच लॅबला फोन केला. सीरम फ्रीजमध्ये शिल्लक होतं, पुन्हा सुई टोचावी लागली नाही. संध्याकाळी आकडा आला: ८१.

मी उलटा हिशेब मांडला. १६८ मधून ३४ आणि ८१ गेले की व्हीएलडीएलसाठी ५३ उरतात. ३४० भागिले ५३ म्हणजे ६.४. बाबांच्या रक्तात भाजक ५ नव्हताच. एलडीएल १६० असतं तर १५ च्या फरकाने काही बिघडलं नसतं, औषध वाढवावंच लागलं असतं. पण ७० च्या आसपास तोच फरक निर्णय फिरवतो.

ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की बऱ्याच लॅब हा रकाना कोराच सोडतात. त्यामुळे ४०० च्या आत सगळं ठीक, असं मी समजत होतो. तसं नाही. १५० च्या पुढेच सूत्र हळूहळू घसरायला लागतं, आणि एलडीएल जितकं कमी तितकी ती घसरण जास्त महागात पडते. सकाळी दुधाचा चहा किंवा नाश्ता घेऊन रक्त दिलं तर जेवणातून येणारे चरबीचे कणही मोजणीत मिसळतात, म्हणून बाबांना मी बारा तास उपाशी ठेवलं होतं. इथे उपास चुकलेला नव्हता. डायरेक्ट चाचणीही कंपनीगणिक थोडी वेगळी येते, म्हणून पुढची तपासणी मुद्दाम त्याच लॅबमध्ये केली.

तीन महिने मधुमेहाचं औषध बदललं, रात्रीचा भात आणि गोड थांबवलं. जुलैच्या रिपोर्टमध्ये टोटल १४२, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड १८०. सूत्राने एलडीएल ७०. बाबांचा चेहरा पडला: "एवढं पथ्य पाळून चारने वाढलं?"

या वेळी डायरेक्टही करून घेतलं होतं. ते ७४ होतं, म्हणजे ८१ वरून सातने कमी. ट्रायग्लिसराइड उतरल्यावर सूत्राची चूक आक्रसली होती, एलडीएल वाढलं नव्हतं. भाजकही आता ५.६ वर आला होता. मी बाबांना शेजारी बसवून दोन्ही वजाबाक्या करून दाखवल्या.

मॅडमनी तर आणखी सोपा आकडा दाखवला: नॉन-एचडीएल, म्हणजे टोटल वजा एचडीएल. त्यात ट्रायग्लिसराइडचा भागाकार येतच नाही. एप्रिलमध्ये तो १३४ होता, जुलैमध्ये १०६. बाबांसाठी तो १०० च्या आत हवा. ७४ आणि १०६, दोन्ही अजून थोडे वरच आहेत म्हणून स्टॅटिनची गोळी तशीच ठेवून त्यांनी सोबत एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल कमी करणारं दुसरं औषध सुरू केलं. बाबांनी आपल्या डायरीत एलडीएलच्या शेजारी नॉन-एचडीएलचा नवा रकाना आखला आहे, आणि एप्रिलच्या ६६ वर रेघ मारून ८१ लिहिलं आहे.