मान्सूनच्या प्रकरणातला प्रत्येक बाण तपासला तेव्हा

राज्यसेवेसाठी हवामानशास्त्राचं प्रकरण मी तीनदा वाचलं होतं. वायुदाब पट्टे, ग्रहीय वारे, मान्सूनची यंत्रणा, सगळीकडे खुणा करून झाल्या होत्या. मग एक दिवस अभ्यासिकेतल्या ताईंनी सहज विचारलं, "ऊन तर मेमध्ये जास्त असतं. मग मुंबईत पाऊस ११ जूनच्या सुमारास का येतो, मेच्या मध्यावरच का येत नाही?" मला सांगता आलं नाही. वाक्यं पाठ होती, पण एका वाक्यातून पुढचं का निघतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या रात्री प्रकरणातली नुसती वर्णनं पेन्सिलने खोडली आणि उरलेल्या घटना पिवळ्या चिठ्ठ्यांवर उतरवल्या. एका चिठ्ठीवर एकच घटना, आणि तीही बदलाच्या रूपात. 'राजस्थानवर कमी दाब' असं न लिहिता 'वायव्य भारतात दाब उतरतो' असं. दोन चिठ्ठ्यांमध्ये बाण काढला की त्यावर हे कशाने घडतं ते लिहायचं. बाणावर 'म्हणून' याच्यापलीकडे काही लिहिता आलं नाही, तर मधली एखादी चिठ्ठी राहिली आहे असं धरायचं.

पहिल्याच बाणाला ही कसोटी लागली. जमीन तापते → दाब उतरतो. बाणावर मी 'हवा तापून वर जाते' असं लिहिलं आणि मग थबकले. वायुदाब म्हणजे डोक्यावरच्या सगळ्या हवेच्या स्तंभाचं वजन. हवा नुसती वर सरकली तर स्तंभातली हवा तेवढीच राहिली, मग वजन का घटावं? राहिलेली चिठ्ठी इथे सापडली. तापलेला स्तंभ फुगून उंच होतो. त्यामुळे वरच्या थरात, त्याच उंचीवर शेजारच्या हवेपेक्षा इथला दाब जास्त होतो आणि हवा वरच्या वर बाजूला निघून जाते. स्तंभातली हवा खरोखर कमी झाली की मगच खालचा दाब उतरतो. एका बाणाच्या जागी तीन बाण आले, आणि 'गरम हवा वर जाते' हे वाक्य एकट्याने पुरत नाही हे मला कळलं.

पुढचा भाग वाऱ्यांचा. दक्षिण गोलार्धात, मादागास्करच्या पूर्वेला, मॅस्करीन बेटांच्या परिसरात जास्त दाब असतो. जुलैमध्ये तिथे आणि वायव्य भारतात मिळून अंदाजे तीस मिलीबारचा फरक पडतो. तिथून आग्नेय व्यापारी वारे निघतात, विषुववृत्त ओलांडतात आणि नैऋत्य वारे होतात. वळणाचा बाण मी आधी विषुववृत्तावरच काढला होता. ते चूक होतं, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला वळवणारं कोरिऑलिस बल तिथे शून्य असतं. वारा रेषा ओलांडून उत्तरेला जसजसा जातो, तसतसा तो आपल्या उजवीकडे वळत जातो. पूर्व आफ्रिकेची उंच जमीन त्याला आत शिरू देत नाही, त्यामुळे सोमालियाच्या किनाऱ्यालगत साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा वेगवान झोत तयार होतो. अरबी समुद्राची वाफ घेऊन तो आपल्याकडे येतो.

इथवर ओळ सरळ होती. राजस्थानच्या चिठ्ठीवर मात्र ती तुटली. मी 'कमी दाब → पाऊस' असा बाण काढला होता, आणि त्या हिशेबाने सर्वांत जास्त पाऊस राजस्थानच्या थर भागात पडायला हवा, कारण सर्वांत कमी दाब त्याच पट्ट्यात असतो. प्रत्यक्षात तिथे वाळवंट आहे. पुन्हा वाचल्यावर कळलं की हा तापण्याने झालेला कमी दाब उथळ असतो. जमिनीलगतची हवा वर उचलली जाते, पण थोड्याच उंचीवर तिच्या डोक्यावर खाली उतरणारी कोरडी हवा असते, त्यामुळे ढग उंच वाढत नाहीत. तो बाण मी लाल पेनाने खोडला आणि नवा काढला: कमी दाब → वारे ओढले जातात. पावसाचा बाण वेगळा झाला, आणि त्याच्याखाली हिरव्या पेनाने दोन अटी लिहिल्या: भरपूर बाष्प, आणि हवा उंचपर्यंत वर जाणं. दोन्ही एकत्र आल्या तरच पाऊस.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर याच अटींमध्ये होतं. मेमध्ये जमीन तापते, दाबही उतरतो, पण वर चढणारा खोल ओला प्रवाह अजून जमलेला नसतो. हिमालयाच्या दक्षिणेकडून उंचावर वेगाने वाहणारा पश्चिमी जेट वारा साधारण मे संपता-संपता उत्तरेला निघून जातो. तिबेटच्या पठारावरची हवा तापते आणि उंचावर, चौदा-पंधरा किलोमीटरच्या आसपास, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट उभा राहतो. तो वर गोळा झालेली हवा दूर नेतो, आणि वर जागा झाली की खालून ओली हवा चढू लागते.

मग जुलैचं काय? पावसाने जमीन थंड होते, तरी मान्सून जोरात असतो. माझी साखळी सरळ रेषेत होती, आणि त्या रेषेप्रमाणे पहिल्याच सरीनंतर मान्सून थांबायला हवा होता. इथे मला बाण मागे वळवावा लागला. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता सुटते. ती जमिनीवर न राहता मधल्या थरांत मिळते, स्तंभ पुन्हा फुगतो आणि ओले वारे आणखी आत ओढले जातात. म्हणजे सुरुवात उन्हाने होते, पण पुढचं काम ढगांतली उष्णता करते. मी त्या बाणावर 'फेरा' असं लिहिलं आणि मला मनापासून आनंद झाला, कारण मे आणि जुलै आता एकाच कागदावर बसत होते.

एल निनोत प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापतं आणि आपला पाऊस बहुधा घटतो; ती चिठ्ठी मी तुटक रेषेने जोडली. १९९७ मध्ये एल निनो अतिशय तीव्र होता, तरी देशाचा पाऊस सरासरीच्या जवळपास राहिला. २००९ मध्ये मात्र तो सरासरीपेक्षा सुमारे २२ टक्के कमी पडला. ठाम बाण काढला असता तर १९९७ ने तो खोटा ठरवला असता.

शेवटची चिठ्ठी माझ्या गावाची, वाईची. ओला वारा घाटाला अडतो → वर चढतो → पसरून थंड होतो → वाफेचं पाणी होतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पलीकडे तोच वारा उतरताना दाबला जाऊन तापतो, त्याची सापेक्ष आर्द्रता घटते आणि ढग विरतात. वाईत पाऊस हजार मिलिमीटरच्याही आत पडतो. या तीन बाणांवर मी लिहून ठेवलं, 'जमिनीचा दाब नाही, डोंगराची उंची', कारण आधीच्या साखळीत सगळीकडे दाबच काम करत होता आणि इथे वाऱ्याला वर चढवणारा सह्याद्री होता.

दुसऱ्या दिवशी ताईंनी एक चिठ्ठी हाताने झाकली, सोमालियाची, आणि विचारलं, "ही नसती तर?" मी तिच्या पुढचे बाण धरून सांगत गेले: वारे आले असते, पण असा एकवटलेला झोत नसता, किनाऱ्याकडे इतकं बाष्प इतक्या वेगाने पोचलं नसतं. मग त्यांनी तिबेटची चिठ्ठी झाकली.