ईआरपीचा ॲक्सेस मागताना: कारण, मंजुऱ्या आणि तारीख

आमच्या अकाउंट्स विभागातली एक सहकारी दीर्घ रजेवर जाणार होती आणि व्हेंडर खात्यांचा ताळमेळ तोवर माझ्याकडे येणार होता. ताळमेळ म्हणजे व्हेंडरने पाठवलेलं स्टेटमेंट आणि आपल्या लेजरमधल्या नोंदी ओळीने ओळ जुळवायच्या, न जुळलेली बिलं वेगळी काढायची. त्यासाठी ईआरपीतलं, म्हणजे कंपनीचे व्यवहार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं, व्हेंडर लेजर मला दिसायला हवं होतं. माझ्या लॉगिनवर ते दिसत नव्हतं, म्हणून आयटी सपोर्टकडे तिकीट टाकायचं होतं.

सगळ्यात सोपी विनंती अशी लिहिता आली असती: ‘तिला जो ॲक्सेस आहे तोच मला द्या.’ पुष्कळ ठिकाणी तशी लिहितातही. पण ती सहकारी त्या विभागात जुनी. वेगवेगळ्या कामांसाठी वेळोवेळी मिळालेले रोल, म्हणजे परवानग्यांचे संच, तिच्या नावावर साठलेले. नवीन व्हेंडर उघडणं, बँक खातं बदलणं, बिल नोंदवणं, सगळंच त्यात. यातलं काहीही मला नको होतं. सपोर्टने नक्कल करून दिलं असतं, तर मला केवळ पाहायच्या असलेल्या खात्यांत बदल करायचे अधिकारही माझ्याकडे आले असते.

म्हणून आधी रोलचं नेमकं नाव शोधलं. रजेवर जाण्याआधी तिच्या शेजारी बसून ती कोणत्या स्क्रीन उघडते ते पाहिलं. दोनच निघाल्या: व्हेंडर लेजर आणि थकीत बिलांचा रिपोर्ट. मग सपोर्टला विचारलं, की एवढंच दाखवणारा रोल कोणता? त्यांनी `AP_ReadOnly` हे नाव दिलं आणि सोबत एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवायची परवानगी या रोलमध्ये येत नाही, ती वेगळी मागावी लागते. हे सुरुवातीलाच कळलं ते फार बरं झालं. मंजुरी ज्या मजकुराला मिळते तेवढ्यालाच ती लागू असते. नंतर ‘एक्सपोर्टही द्या’ असं त्यात घुसडलं, तर मंजुऱ्या पुन्हा घ्याव्या लागतात.

कारणाच्या रकान्यात ‘कामासाठी आवश्यक’ लिहिलं तर समोरच्याला काहीच ठरवता येत नाही. तो वाचणारा माणूस माझं काम जाणत नाही, आणि त्याला दोन प्रश्नांची उत्तरं हवी असतात: हा ॲक्सेस नसेल तर काय अडेल, आणि यापेक्षा कमी ॲक्सेसमध्ये भागणार नाही का? मी लिहिलेला मजकूर असा होता:

‘व्हेंडर खात्यांचा मासिक ताळमेळ सहकाऱ्याच्या रजेच्या काळात माझ्याकडे आहे. त्यासाठी व्हेंडर लेजर व थकीत बिलांचा रिपोर्ट पाहणे आणि एक्सेलमध्ये उतरवणे आवश्यक आहे. नोंद करणे, बदलणे वा मंजूर करणे याची गरज नाही. ताळमेळ झाल्याशिवाय ५ तारखेच्या पेमेंटची यादी अंतिम होत नाही. एक्सपोर्टऐवजी दुसऱ्याकडून फाइल मागवण्याचा पर्याय आहे, पण ताळमेळ करताना बिलं रोज बदलतात आणि जुनी फाइल चालत नाही.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. एक्सपोर्ट म्हटलं की डेटा सिस्टिमबाहेर जातो, त्यावर शंका येणारच. ती येण्याआधी उत्तर तिथेच असलेलं चांगलं.

आता मंजुऱ्या. इथे दोन वेगळ्या सह्या लागतात आणि त्यांचा अर्थही वेगळा असतो. आमच्या मॅनेजर मॅडमची मंजुरी म्हणजे ‘हे काम खरोखर हिच्याकडे आहे’ याची खात्री. सिस्टिम ओनरची, म्हणजे आमच्याकडे पेमेंट्स विभागाच्या प्रमुखांची, मंजुरी म्हणजे ‘या डेटापर्यंत हिला जाऊ द्यायला हरकत नाही’. एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही. मॅडम कितीही वरच्या पदावर असल्या तरी तो डेटा त्यांच्या ताब्यातला नाही.

मॅडमनी चॅटवर लगेच ‘ओके, घे’ लिहिलं. मी त्यांना म्हटलं, “मॅडम, तेवढं तिकिटातच अप्रूव्ह कराल का? चॅटमध्ये कशाला होकार आहे ते दिसत नाही.” त्यांनी केलं. ऑडिटरला पुढे पाहायचं असतं ते इतकंच: कोणी मागितलं, नेमकं काय मागितलं, कोणी मंजूर केलं, आणि मंजुरीची वेळ ॲक्सेस देण्याच्या आधीची आहे ना. चॅटचा स्क्रीनशॉट यातल्या निम्म्या प्रश्नांना गप्प बसतो. तिकिटात दिलेली मंजुरी मात्र त्या मजकुरालाच चिकटून राहते, तारीख-वेळेसकट.

सिस्टिम ओनरनी एक प्रश्न विचारला आणि तो अगदी रास्त होता: “तुमच्याकडे आधीपासून पेमेंट मंजुरीचा काही रोल आहे का?” बिल नोंदवणारा, पैसे सोडणारा आणि नंतर खातं तपासणारा माणूस एकच असेल, तर चूक किंवा अफरातफर पकडणारं कोणी उरत नाही. माझ्या सध्याच्या रोलची यादी सपोर्टकडून मागवून तिकिटाला जोडली. त्यात तसलं काही नव्हतं. मग त्यांचीही मंजुरी आली. ही यादी सुरुवातीलाच जोडावी असं माझं मत आहे, कारण हा प्रश्न पैशांच्या कुठल्याही सिस्टिमसाठी विचारला जाणारच.

तारखेबद्दल लोक फार ढिले असतात. ‘लवकरात लवकर’ किंवा ‘अर्जंट’ यावरून सपोर्टला रांगेत कुठे ठेवायचं ते ठरवता येत नाही. मी मागून हिशेब केला. पेमेंटची यादी ५ तारखेला, तर ताळमेळ १ तारखेला सुरू व्हायला हवा, आणि ॲक्सेस नीट चालतो का ते त्याआधी तपासायला हवं. म्हणून २८ तारीख मागितली आणि ती का हे एका ओळीत लिहिलं. सोबत शेवटची तारीखही दिली, सहकारी परत येण्याचा दिवस. मुदत लिहिलेली असली की मंजूर करणाऱ्याचा हात मोकळा होतो, हे मी इथे पाहिलं.

एक बारीक गोष्ट. सपोर्टने काही विचारलं की तिकीट बहुधा ‘युजरच्या उत्तराची वाट’ अशा स्थितीत जातं आणि काम पूर्ण करायच्या मुदतीचं त्यांचं घड्याळ थांबतं. आपल्याला वाटतं काम सुरू आहे, प्रत्यक्षात ते आपल्यापाशी अडलेलं असतं. त्यामुळे मी रोज सकाळी तिकिटाची स्थितीच पाहत होते.

‘ॲक्सेस दिला’ असा निरोप आला, तरी ईआरपी अजून परवानगी नाही म्हणत होतं. आमच्याकडे हे रोल विंडोजच्या ग्रुपमधून मिळतात, आणि लॅपटॉपला नवा ग्रुप कळतो तो पुन्हा साइन-इन केल्यावर. लगेच दुसरं तिकीट टाकण्याआधी कमांड विंडोत हे चालवलं:

```
whoami /groups
```

यादीत `AP_ReadOnly` नव्हतं. ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेली असताना साइन-आउट करून परत साइन-इन केलं, मग ते नाव दिसलं आणि लेजरही उघडलं. साइन-इननंतरही नाव आलं नसतं, तर अडचण सपोर्टकडे आहे असं नक्की सांगता आलं असतं. मग एक रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवून पाहिला, एका व्हेंडरच्या खात्यात बदलाचं बटण बंद आहे ना तेही पाहिलं, आणि या दोन्ही गोष्टी तिकिटात लिहून ते बंद करायला सांगितलं.

पुढे सहकारीची रजा वाढली. मुदत संपण्याआधीच मुदतवाढीचं नवं तिकीट टाकलं, जुन्याचा क्रमांक देऊन. दोन्ही मंजुऱ्या पुन्हा घेतल्या, कारण जुन्या मंजुऱ्या जुन्या तारखेपुरत्या होत्या. यावेळी सिस्टिम ओनरनी काहीही न विचारता होकार दिला.