दोन घोटांत लाल होणारा चेहरा

"डॉक्टरसाहेब, काही जणांचं तोंड दोन घोटांतच लालबुंद होतं. त्यांना दारू लवकर चढते का?"

नाही. चढण्याची जागा मेंदू आहे. तेथे गाबा नावाचे रसायन चेतापेशींवरील ठरावीक ग्राहींना, म्हणजे रिसेप्टर्सना, चिकटते, क्लोराइडचे दार उघडते आणि पेशी शांत होते. दारू गाबाची जागा घेत नाही. ती त्याच ग्राहीवर दुसरीकडे बसून गाबाचा परिणाम वाढवते. म्हणून आधी भीड सुटते, मग जीभ जड होते, तोल जातो.

लालीचे मूळ यकृतात आहे. तेथे एक विकर दारूचे अ‍ॅसिटाल्डिहाइड करते आणि एएलडीएच-२ हे दुसरे विकर त्याचे निरुपद्रवी अ‍ॅसिटेट करते. ही दुसरी पायरी एरवी इतकी वेगवान असते, की अ‍ॅसिटाल्डिहाइड रक्तात फारसे साठत नाही. ती अडली, तर मात्र ते साठते, हिस्टामिन सुटते, रक्तवाहिन्या फुलतात आणि छाती धडधडू लागते.

लातूरला माझ्या दवाखान्यात एका रात्री औशाकडचा एक शेतकरी आणला गेला. ग्लासभर देशी पोटात गेली होती. मान आणि डोळे लाल, नाडी १३०, रक्तदाब ९०/६०, उलट्या चालू. दारू विषारी असावी, असे सोबतचे लोक म्हणत होते. मी बायकोला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा तिने पदराच्या गाठीतून दारू सोडवण्यासाठी देतात त्या डायसल्फिरामच्या गोळ्यांची पट्टी काढली. "सांगितलं असतं तर घेतली नसती हो त्यांनी," ती म्हणाली. रोज सकाळी चहात ती गोळी मिसळत होती. हे औषध एएलडीएच-२ कायमचे निकामी करते आणि शरीराला नवे विकर घडवावे लागते, त्यामुळे गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. सलाईन लावून रात्रभर लक्ष ठेवले, सकाळी तो सावरला. तिची तळमळ मला कळत होती, तरी रुग्णाला न सांगता ही गोळी देणे त्याच्या जिवावर बेतू शकते, हे तिला स्पष्ट सांगणे भाग होते.

जपान, चीन, कोरिया येथील सुमारे ३० ते ४० टक्के लोकांत हीच पायरी जन्मतः अडलेली असते. एएलडीएच-२ चार तुकड्यांनी बनते. आईवडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आले, तर निम्मे तुकडे सदोष होतात. ते सरमिसळ जुळले, तर चारही चांगले असलेले विकर १६ मध्ये एकच निघते. म्हणून काम निम्म्याहून बरेच खाली जाते. अशा माणसाने पीत राहिल्यास अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन लाली झाकली, तरी अ‍ॅसिटाल्डिहाइड तसेच राहते.

आपल्या मराठवाड्यात हे जनुक विरळ. त्यातून सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. मानेची ऊब, डोळे आणि नाडी पाहावी लागते. म्हणून इथला कुणी अचानक असा तापला, तर मी आधी घरातल्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या मागवतो.