'मी केलेलं विश्लेषण' या ईमेलला मी दिलेलं उत्तर

गुरुवारी दुपारी पावणेपाचला तो मेल आला. ग्राहकांच्या तक्रारींचा जो अहवाल आम्ही दोघांनी पाच आठवडे बसून केला होता, तो माझ्या सहकाऱ्याने चौदा जणांच्या थ्रेडवर पाठवला होता. वर दोनच ओळी. "सर, मी केलेलं विश्लेषण सोबत जोडत आहे. काही शंका असल्यास मला विचारावं." त्या चौदांत मीही होते. दहा मिनिटांत सरांचं उत्तर आलं, "उत्तम काम!" आणि खाली अभिनंदनांची रांग लागली.

पहिल्यांदा मी त्याला फोन केला. हे मी आजही बरोबरच मानते, कारण काही वेळा खरंच घाईत लिहिलं जातं आणि माणूस स्वतःहून सुधारतो. तो म्हणाला, "अगं, पटकन पाठवलं गं. तू पण होतीस हे सगळ्यांना माहीतच आहे."

"मग तेवढं थ्रेडवर लिही ना."

"हो, लिहितो की."

त्याने लिहिलं नाही, आणि मी सर्वांत जास्त अडकले ती इथे. संध्याकाळी सात वाजता पाहिलं, नाही. रात्री दहाला पाहिलं, नाही. सकाळी आणखी दोघांचे कौतुकाचे मेल आलेले, आणि त्याचं प्रत्येकाला "थँक यू सर". म्हणजे थ्रेड त्याने पाहिला होता, उत्तरंही दिली होती, फक्त माझ्याबद्दलचं एक वाक्य लिहायला त्याला वेळ मिळाला नव्हता. ती रात्र मी जवळजवळ झोपले नाही. फोनवर "लिहितो" ऐकल्यावर त्याच वेळी "किती वाजेपर्यंत?" असं विचारायला हवं होतं. वेळ ठरलेली नसली की आपण वाट बघत राहतो आणि मधल्या काळात त्याचीच गोष्ट पक्की होत जाते. आता कुणी मला विचारलं तर मी सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबा, त्यापुढे नाही. आठवड्याने लिहिलेलं खरं असलं तरी उकरून काढल्यासारखं दिसतं.

रात्री मी उत्तराचे चार मसुदे लिहिले. तेही मेलच्या खिडकीत नाही, नोटपॅडमध्ये, कारण मेलमध्ये समोर चौदा पत्ते असतात आणि बोट कधी कुठे पडेल सांगता येत नाही. (जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, तेही सेटिंगमध्ये जाऊन वाढवून ठेवले तर.) पहिला मसुदा "मला अत्यंत वाईट वाटलं" पासून सुरू होत होता. खरं होतं ते, पण वाचणाऱ्या चौदांपैकी बाराजणांना माझ्या वाईट वाटण्याचं काय करायचं हे कळलं नसतं. दुसऱ्यात "खरं तर" तीनदा आलं होतं. मोठ्याने वाचलं तेव्हा प्रत्येक "खरं तर" भांडणाला बोलावल्यासारखं वाटलं.

तिसऱ्यात मी लिहिलं, "माझं नाव नजरचुकीने राहून गेलं असावं." या एका वाक्यावर माझा तासभर गेला. त्याला सन्मानाने बाहेर पडायला वाट मिळते, म्हणून ते ठेवावंसं वाटत होतं. पण फोन झाल्यानंतर ती नजरचूक उरलीच नव्हती. मी माझ्याच हाताने त्याच्या बाजूने खोटं लिहून देणार होते, आणि पुढच्या वेळी त्याने तेच वाक्य माझ्यापुढे धरलं असतं. मी ते काढलं. त्याच्या हेतूबद्दल चांगलं नाही आणि वाईटही नाही, काहीच लिहायचं नाही असं ठरवलं. कोणी काय केलं, एवढंच लिहायचं.

तरी मेल पुरा होत नव्हता. नुसतं "हे माझंही काम आहे" म्हणून थांबलं की ती तक्रार होते, थ्रेडमधल्या बाकीच्यांच्या उपयोगाचं त्यात काही नसतं. मग थ्रेड वरपासून परत वाचला आणि मला जागा सापडली. लेखा विभागातल्या बाईंनी विचारलं होतं, "दुबार तक्रारी कशा ठरवल्या?" सगळ्यांना "थँक यू" म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने या प्रश्नाला हात लावला नव्हता. लावणार कसा? ४,३१२ नोंदींमधून ६२५ दुबार नोंदी मी एकेक तपासून काढल्या होत्या. त्या बाईंचे माझ्यावर उपकारच आहेत.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला, त्याच थ्रेडवर, 'रिप्लाय ऑल' करून हे पाठवलं:

"सर, प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद. हा अहवाल आम्ही दोघांनी मिळून केला आहे. नोंदींची छाननी, वर्गीकरण आणि तक्ता ३ व ४ मी केले. आलेख, मांडणी आणि सारांश त्यांनी केला आहे.

दुबार तक्रारींबद्दल: एकाच फोन नंबरवरून, एकाच प्रकारची, ७२ तासांच्या आत आलेली तक्रार एकच धरली आहे. त्यामुळे ४,३१२ नोंदींच्या ३,६८७ झाल्या. काढलेल्या नोंदींची शीट सोबत आहे. आकडेवारीबद्दलचे प्रश्न कृपया मला पाठवावेत."

मेलमध्ये त्याच्या नावाने उल्लेख होता, इथे मी तो गाळला आहे. त्याचं काम मी पूर्ण लिहिलं, कारण आलेख खरोखर त्याने छान केले होते आणि ते वगळले असते तर मीही तेच केलं असतं जे त्याने केलं. विषयाची ओळ बदलली नाही. ती बदलली की जीमेल नवा संवाद सुरू करतं आणि मूळ थ्रेड वाचणाऱ्याला उत्तर सापडत नाही. कुणालाही गुपचूप बीसीसी केलं नाही. तसा माणूस 'रिप्लाय ऑल' करून बसला तर ते सगळ्यांना दिसतं आणि मग चर्चा कामाची न राहता आपली होते.

पाठवण्याआधी एक गोष्ट केली होती, ती सांगायची राहिली. शेअर केलेल्या शीटची व्हर्जन हिस्ट्री उघडून कोणत्या तारखेला कोणी काय बदललं याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. ते थ्रेडवर टाकले नाहीत. त्याने नाकारलं असतं तरच पुढे केले असते. हातात आहेत एवढ्यानेच मेल लिहिताना मला स्पष्टीकरणं देत बसावंसं वाटलं नाही.

वीस मिनिटांनी त्याचं उत्तर आलं, "हो, टीमवर्कच होतं!" हा उद्गार मला अजून खुपतो. आदल्या दिवशी तो म्हणाला असता तर माझी रात्र वाचली असती. मी त्याला उत्तर दिलं नाही. दुरुस्ती एकदाच करायची, दुसऱ्या मेलपासून ते भांडण होतं.

हे सगळं बरोबरीच्या माणसाशी आणि ऑफिसच्या आतल्या थ्रेडवर जमतं. श्रेय साहेबांनीच घेतलं असतं, किंवा थ्रेडवर बाहेरचे ग्राहक असते, तर मी 'रिप्लाय ऑल' केलं नसतं. समोरासमोर वेळ मागून बोलले असते.

दुपारी सरांची ओळ आली, "नोंद घेतली. सोमवारी आकडे तुम्ही मांडा." सोमवारी मी मांडले. लेखा विभागाच्या बाईंनी ७२ तासच का, असं विचारलं, आणि त्या प्रश्नावर मी दहा मिनिटं बोलले.