भिंतीवरची सावली

वास्तुशांतीच्या आहेरात भिंतीवरची घड्याळे इतकी जमतात की नव्या घराला भिंती कमी पडाव्यात. म्हणून मामेभावाच्या लातूरमधल्या नव्या घरासाठी औसा तालुक्यातल्या त्यांच्या जुन्या घराचे रेखाचित्र द्यावे, असे मी ठरवले. फोटो त्याच्या बहिणीने काढला. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर त्यातले बारकावे वाटेतच गळतात, त्यामुळे तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला तिला सांगितले. ए-फोर कागदावर नीट छापायचे तर लांब बाजूला साधारण साडेतीन हजार पिक्सेल लागतात.

भर दुपारी संगणकावर तो फोटो उघडला आणि आधी सोपा मार्ग धरला. फोटो कृष्णधवल करायचा, त्याची एक प्रत वर ठेवून तिचा काळा-पांढरा उलटा करायचा, ती प्रत धूसर करायची आणि दोन्ही थर ‘डॉज’ पद्धतीने एकमेकांत मिसळायचे. जिथे भिंत सपाट असते तिथे दोन्ही थर एकमेकांना पुसून टाकतात आणि कागद पांढरा होतो. जिथे उजेड आणि अंधार अचानक बदलतो तिथेच रेघ उरते. क्षणार्धात पेन्सिलीने काढल्यासारखे चित्र समोर आले आणि त्यात दाराच्या वरून जोत्यापर्यंत एक तिरकी, जाड भेग गेलेली दिसली.

ती अंगणातल्या लिंबाच्या फांदीची सावली होती. फिल्टरला भिंत, सावली आणि विजेची तार यांत काही फरक कळत नाही. त्याच्या लेखी उजेडाचा प्रत्येक बदल सारख्याच योग्यतेचा. चूक एरवी हसण्यावारी नेता आली असती, परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर आमच्या भागात घराच्या भिंतीला भेग काढून ते चित्र वास्तुशांतीला कोणी देत नाही.

तेव्हा चित्र हातानेच काढायचे ठरले. फोन वर करून फोटो काढल्यामुळे दोन्ही कोपरे वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकले होते. दाराची चौकट उभी होईपर्यंत ते सरळ केले. असे केल्यावर घर आहे त्यापेक्षा उंच दिसू लागले, त्यामुळे दाराच्या रुंदी-उंचीचे मूळ प्रमाण पाहून ते पुन्हा किंचित दाबावे लागले. मग फोटो तीस टक्क्यांपर्यंत फिका करून त्याच्यावर कोरा थर घेतला. घराची बाहेरची रेघ सर्वांत जाड, दार-खिडक्यांची त्याहून बारीक आणि दगडांच्या सांध्यांची जेमतेम दिसेल इतकी ठेवली. रेघ फार सरळ आली की ती यंत्राची वाटते, म्हणून पट्टीची सोय बंद ठेवली आणि कोपऱ्यांवर रेघा एकमेकींना किंचित ओलांडून जाऊ दिल्या.

खरा वेळ गेला तो दगडांत. फोटोतला प्रत्येक दगड काढला असता तर भिंत जड होऊन दार हरवले असते. कोपऱ्यांशी आणि चौकटीभोवती मूठभर दगड काढले आणि मधली भिंत कोरी सोडली. पाहणाऱ्याची नजर उरलेले दगड आपणच रचते. लिंबाचेही तेच केले. पाने काढायची नाहीत, फक्त झाडाच्या घेराची तुटक रेघ आणि खाली सावलीचा एक फिका, पाण्यात मिसळल्यासारखा रंग, तोही अंगणात. भिंतीवर मुळीच नाही. विजेची तार बिनदिक्कत काढून टाकली. उंबऱ्याशेजारची देवळी मात्र फोटोत अंधारात बुडाली होती, तरीही ती काढली, कारण लहानपणी सुट्टीला गेल्यावर गोट्या ठेवण्याची आमची हक्काची जागा तीच होती.

अडचण आली ती छपराची. भूकंपानंतर मामांनी माळवदावरची माती उतरवून पत्रे टाकले होते. दगडमातीच्या भिंतींवर मातीचे एवढे वजन असले की हादऱ्यात काय होते, हे त्यांनी शेजारच्या गावांत पाहिले होते. मी पन्हळींच्या रेघा छपराच्या अर्ध्यापर्यंत काढून सोडून दिल्या होत्या. मामींना कच्चे चित्र दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “बाई, पत्रे कशाला काढलीस? आमचं माळवद काढ की. उन्हाळ्यात रात्री तिथंच झोपायचो आम्ही.”

थर वेगळा असल्याने पत्रे पुसून माळवद काढणे हे अर्ध्या तासाचे काम होते, आणि मामींच्या आठवणीला नाही म्हणणेही जिवावर आले. पण मामांनी ती माती पोरांच्या डोक्यावरून उतरवली होती आणि ज्याला चित्र द्यायचे तो त्याच पोरांपैकी एक. मी पत्रेच ठेवले. जाड, चकाकी नसलेल्या कागदावर चित्र छापून घेतले आणि मामींना सांगितले की माळवदाचे वेगळे चित्र त्यांच्यासाठी काढीन. त्यावर त्या म्हणाल्या, “मग त्यात बाजसुद्धा काढ.”