पोस्ट करण्याआधीची दहा मिनिटं

आज पाडव्याच्या पैठणी ऑफरची कॅप्शन अगदी शेवटच्या क्षणी थांबवली. मजकुरात ‘रविवार, १९ मार्च’ होतं. २०२६चा पाडवा गुरुवारी आहे. रविवार गेल्या वर्षीच्या ३० मार्चचा, जुन्या कॅप्शनमधून तसाच उतरलेला. म्हणून मी तारीख आणि वार नेहमी कॅलेंडर उघडून, जोडीनेच तपासते.

मग किंमत. ‘२,४९९ रुपयांपासून’ लिहिलं होतं, पण फोटोतली पैठणी होती ३,८०० ची. दुकानात फोन केला, तर २,४९९ वाल्या दोनच उरलेल्या. फोटो बदलला आणि ‘साठा संपेपर्यंत’ असं स्पष्ट लिहिलं.

सगळ्यात जास्त वेळ परवानगीने घेतला. फोटोतल्या ताईंनी तो दुकानाला कौतुकाने पाठवला होता, जाहिरातीसाठी नाही. विचारल्यावर म्हणाल्या, “माझा वापरा, पण लेकीचा चेहरा नको.” लेकीला फोटोतून कापलं, त्यांचा होकार लेखी घेऊन फाइलसोबत ठेवला.

‘हातमाग’ हा शब्द विणकरांकडून खात्री होईपर्यंत काढलाय. शेवटी कॅप्शन मोठ्याने वाचली. ‘पैठणीशिवाय कसला पाडवा?’ हे वाक्य कानाला बोचलं. ज्यांना यंदा परवडत नाही, त्याही वाचणार आहेत. तेही खोडलं.