पाच मिनिटांचे निळे आकाश

राष्ट्रीय विज्ञान दिन 28 फेब्रुवारीला येतो. 1928 साली याच तारखेला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना ‘रामन परिणामा’चा शोध लागला आणि 1987 पासून हा दिवस देशभर पाळला जातो. शाळेतल्या कार्यक्रमात त्या दिवशी कोणी ना कोणी ‘आकाश निळे का दिसते’ या विषयावर बोलते. आमच्याकडे हे भाषण नववीतल्या विद्यार्थ्याने करायचे आणि पाचवीतल्या मुलांनी ऐकायचे, अशी पद्धत आहे. वेळ पाच मिनिटांचा असतो. भाषण बसवून देण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे हा विषय माझ्या डोक्यात माघ महिन्यापासूनच घोळू लागतो. पाच मिनिटांत काय सांगायचे, हे ठरवणे त्या मानाने सोपे आहे. काय सांगायचे नाही, हे ठरवताना मात्र मनाची घालमेल होते.

यंदाच्या वक्त्रीने पहिला मसुदा आणला, त्यात आकाशाला समुद्राचा रंग आला आहे असे एक वाक्य होते. हा समज मोठ्या माणसांतही आहे आणि तो खोडून काढायला फार काही लागत नाही, कारण समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या नागपूरचे आकाशही निळेच असते. मात्र याच्या नेमके उलट मत, म्हणजे समुद्राचा निळेपणा हे आकाशाचे प्रतिबिंब आहे हे मत, आकाशाच्या निळेपणाचे गणित मांडणाऱ्या खुद्द लॉर्ड रॅले यांचे होते. रामन 1921 साली ‘नारकुंडा’ नावाच्या बोटीने इंग्लंडहून परतत असताना त्यांनी हे मत तपासून पाहिले. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम नावाचा लहानसा स्फटिक होता. पाण्यावरून ठरावीक कोनात परावर्तित होणारा प्रकाश त्यातून पाहिला, तर तो जवळजवळ पूर्ण अडवता येतो. रामन यांनी आकाशाचे प्रतिबिंब असे पुसून टाकले आणि तरीही समुद्र निळा राहिला. उलट अधिक गडद दिसला. या निरीक्षणाचे पत्र त्यांनी 26 सप्टेंबर 1921 रोजी मुंबई बंदरात उभ्या असलेल्या त्याच बोटीवरून ‘नेचर’ या नियतकालिकासाठी लिहिले. पाण्याचे रेणू प्रकाश कसा विखुरतात, या प्रश्नाचा माग काढत ते पुढे 1928 च्या शोधापर्यंत पोहोचले. म्हणून या दिवशी निळ्या रंगावर बोलणे अगदी प्रस्तुत आहे. तरीही हा सगळा प्रसंग भाषणात दोन वाक्यांवर आणावा लागला, कारण पाचवीच्या मुलांना आधी आकाश हवे असते, समुद्र नंतर.

मसुद्यातले दुसरे वाक्य धुळीचे होते. हवेतली धूळ निळा रंग विखुरते, असे अनेक जुन्या भाषणांत सापडते. त्याचे उत्तर आपल्या हवामानातच आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस हवेत धूळ भरपूर असते आणि आकाश पांढुरके, फिकट दिसते. पावसाळा संपता संपता हवा धुऊन निघते, तेव्हा ते सर्वांत गडद निळे असते. निळेपणा धुळीचा असता, तर हे उलटे झाले असते. धूलिकण प्रकाशाच्या लाटेपेक्षा बहुधा मोठे असतात आणि सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, त्यामुळे ते निळ्यात पांढरे मिसळतात. रॅले यांनी 1871 साली मांडलेले गणित अतिसूक्ष्म कणांचे होते. ते कण म्हणजे हवेचे रेणूच असू शकतात, बाहेरच्या धुळीची गरज नाही, हे त्यांनीच 1899 साली दाखवले.

आता खरा अवघड भाग. रेणू निळा प्रकाशच जास्त का विखुरतात? ‘निळ्याची तरंगलांबी कमी असते म्हणून’ हे उत्तर बरोबर आहे, पण ते ऐकून लहान मुलाच्या मनात काहीच उमटत नाही. कमी तर कमी, मग काय झाले? प्रकाश रेणूवर चेंडूसारखा आपटून उडतो, असे सांगण्याचा मोह होतो, पण तसे घडत नाही आणि ते चित्र एकदा मनात बसले की पुढे निघत नाही. घडते ते असे: प्रकाश ही विजेच्या आणि चुंबकाच्या प्रभावाची लाट आहे. ती रेणूवरून जाताना रेणूतले इलेक्ट्रॉन मागेपुढे हलवते, आणि हलणारा इलेक्ट्रॉन स्वतःच चहूबाजूंना प्रकाश पाठवू लागतो. एक मिलिमीटर लांबीत तांबड्या प्रकाशाच्या सुमारे दीड हजार लाटा मावतात, निळ्याच्या सुमारे बावीसशे. म्हणून निळा प्रकाश इलेक्ट्रॉनला अधिक भराभर हलवतो. हौदाच्या पाण्यात हात वीतभर अंतर सावकाश मागेपुढे केला, तर पाणी जेमतेम हलते. तेवढेच अंतर भराभर केला, तर लाटा काठापर्यंत जातात. हाताचे अंतर वाढलेले नाही, वेग वाढला आहे. वक्त्रीला मी सांगितले की ही एकच उपमा ठेव आणि तिच्यावर पूर्ण अर्धा मिनिट थांब.

नववीच्या मुलांसाठी यातले गणितही सुंदर आहे. हलण्याची गती दुप्पट झाली, तर बाहेर पडणारा प्रकाश दोनाच्या चौथ्या घाताइतका, म्हणजे सोळा पट होतो. निळा आणि तांबडा यांत दुपटीचा फरक नाही, साधारण दीडपटीच्या थोडा आतला आहे. त्याचा चौथा घात घेतला की सव्वाचार ते साडेचारच्या दरम्यान उत्तर येते. म्हणजे स्वच्छ हवेत डोक्यावरच्या सूर्याकडून येणाऱ्या निळ्या प्रकाशाचा साधारण पाचवा हिस्सा वाटेत विखुरतो, तर तांबड्याचा जेमतेम विसावा. पाचवीच्या मुलांना यातला एकच आकडा सांगायचा, तो म्हणजे ‘चौपट’. सूर्याकडे न पाहता दुसरीकडे कुठेही पाहिले, तरी तिथून आपल्या डोळ्यांत जो प्रकाश येतो तो असा विखुरलेला असतो, म्हणून त्यात निळा जास्त असतो.

एवढे बोलून झाल्यावर प्रयोग. प्रयोगासाठी उंच, सरळ बाजूंची काचेची बरणी, पाणी, मोबाइलची बॅटरी आणि थोडे दूध एवढेच साहित्य लागते. पण दुधापाशीच फसगत होते. घरचे सायीचे म्हशीचे दूध आणले की त्यातले स्निग्धांशाचे गोळे प्रकाशाच्या लाटेपेक्षा बरेच मोठे असल्यामुळे पाणी नुसते पांढरे होते. साय आणि स्निग्धांश काढून टाकलेले दूध घेतले, तर त्यात मुख्यतः केसीन या प्रथिनाचे सूक्ष्म कण उरतात आणि निळी झाक लवकर दिसते. खोली जमेल तेवढी अंधारी करावी, बॅटरी बरणीच्या एका बाजूला टेकवावी आणि दूध थेंबाथेंबाने घालून प्रत्येक थेंबानंतर पाणी ढवळावे. प्रकाशाचा पट्टा बाजूने निळसर दिसू लागला की थांबावे. समोरच्या बाजूला पांढरा कागद धरला, तर त्यावरचा ठिपका पिवळसर आणि मग नारिंगीकडे झुकलेला दिसतो. जुन्या पद्धतीच्या बल्बची बॅटरी असेल, तर तिचा प्रकाश मुळातच पिवळा असतो आणि निळी झाक ओळखू येत नाही. मोबाइलच्या दिव्यात निळा भरपूर असतो, पण तांबडा कमी असतो, म्हणून सूर्यास्ताची लाली त्यात पुरेशी उतरत नाही. हे आधीच माहीत असावे, नाहीतर मुलांना न दिसणारा लाल रंग ‘दिसतोय ना?’ असे म्हणून दाखवला जातो.

मुलांना बसवण्याचाही विचार करावा लागतो. अर्धी मुले बरणीच्या बाजूला आणि अर्धी समोर बसवली, की एक गट निळा म्हणतो आणि दुसरा पिवळा. थोडा वेळ त्यांना भांडू द्यावे आणि मग जागा बदलायला लावाव्यात. दिवसाचे निळे आकाश आणि संध्याकाळचा तांबूस सूर्य या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, हे मग वेगळे समजावावे लागत नाही. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्यापेक्षा कितीतरी पट अधिक हवेतून येतो, एवढे जोडले की पुरते. कोणाकडे पोलरॉइडचा गॉगल असेल, तर त्याच्या काचेतून पट्टा बाजूने पाहत काच हळूहळू फिरवावी. पट्टा अंधुक होतो आणि पुन्हा उजळतो. रामन यांच्या स्फटिकाचे काम हा गॉगल करतो, आणि सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशाकडे पाहिले तरी हेच दिसते. शेवटी उरलेले सगळे दूध ओतावे, म्हणजे पाणी पांढरे होते आणि पट्टा हरवतो. प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर असा वारंवार विखुरला गेला, की रंगांची निवड पुसली जाते. माथ्यावरचे आकाश निळे आणि क्षितिजाजवळचे पांढुरके का दिसते, याचे बरेचसे उत्तर त्या बरणीत असते.

तालमीला पाचवीतली काही मुले बोलावली होती. त्यांतल्या एकाने विचारले, “ताई, इंद्रधनुष्यात शेवटी जांभळा असतो ना? मग तो अजून जास्त विखुरेल. आकाश जांभळं का नाही?” हा प्रश्न भाषणाच्या मसुद्यात असायलाच हवा होता, कारण नियम खरा मानला तर तो आपोआप येतो. जांभळा खरोखरच जास्त विखुरतो. पण सूर्यप्रकाशात तो निळ्यापेक्षा कमी असतो आणि आपला डोळाही त्याला मंद प्रतिसाद देतो. शिवाय आकाशातून एकच रंग येत नाही, तर जांभळा, निळा, थोडा हिरवा आणि अगदी थोडा तांबडा असे मिश्रण येते, आणि डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशी त्या मिश्रणाला मिळून जो कौल देतात तो फिकट निळा असतो. उत्तराचा निम्मा भाग हवेत आहे आणि निम्मा आपल्या डोळ्यांत. मुलाला हे पटले की नाही, कळले नाही. तो पुन्हा बरणीकडे गेला.

दुसऱ्याने विचारले, “रात्री निळं का नसतं?” वक्त्रीने सांगितले, की विखुरायला सूर्यप्रकाशच नसतो. मी एवढेच जोडले, की पौर्णिमेच्या रात्री आकाश खरे तर निळेच असते, कारण चांदणे म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाश. तो इतका मंद असतो, की आपल्या रंग ओळखणाऱ्या पेशी त्याला जागत नाहीत. कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवून छायाचित्र काढले, तर त्यात निळे आकाश आणि चांदण्या एकत्र दिसतात.

एक गोष्ट आम्ही भाषणातून जाणीवपूर्वक वगळली आणि ती मी वक्त्रीला वेगळी सांगितली. सूर्य नुकताच मावळल्यावर माथ्यावरचे आकाश गडद निळे असते. तिथवर पोहोचणारा प्रकाश हवेतून फार लांबवर आडवा आलेला असतो आणि त्यातला निळा वाटेतच गळून गेलेला असतो. नुसत्या विखुरण्याच्या हिशेबाने ते आकाश त्या वेळी करडे-पिवळसर दिसायला हवे. ते निळे राहते, कारण वरच्या थरातला ओझोन त्या लांब वाटेवर नारिंगी-पिवळा प्रकाश शोषून घेतो. म्हणजे दुपारच्या आणि तिन्हीसांजेच्या निळ्याची कारणे निरनिराळी आहेत. हे ऐकल्यावर तिने विचारले, “मग सर, पाचवीतल्या कोणी संध्याकाळचं विचारलं तर?” मी म्हणालो, “विचारलं तर सांग. नाही विचारलं, तर त्यांना बरणीशी खेळू दे.”